दुसरा भोवरा

डहाणूत आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाकार्यात कॅमेरा घेऊन नवरा हिंडतो आणि दुकानात बसून फोटोंची सफाई मी करते. चिकूवाडीवाले एक भाऊ एका दुपारी आले, दार ओढून घेतलं आणि खुर्ची माझ्या टेबलाजवळ सरकवली.

"पंचविसावा वाढदिवस आहे लग्नाचा," ते म्हणाले. "चारोटीच्या हॉलवर मोठा बॅनर लावायचाय. फोटो तुमच्याकडचाच घ्यायचाय."

फोटो त्यांच्या पुतणीच्या लग्नातला होता. वहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, गजरा खाली पडला होता, भाऊ तो उचलायला वाकले होते आणि वहिनी खळखळून हसत होत्या. वहिनींना स्वतःचा आवडणारा हा एकच फोटो, त्यामुळे दुसरा चालणार नव्हता. पण वाकल्यामुळे भाऊंची टाळू सरळ कॅमेऱ्यासमोर आली होती, आणि फ्लॅशने ती स्टीलच्या वाटीसारखी चमकवली होती.

"हे जरा भरा," त्यांनी हळूच पडद्यावर बोट ठेवलं. "पण भरलंय असं कळता कामा नये."

मी म्हटलं, "होईल. पण वेळ लागेल."

"अंदाज तरी दाखवा. साधारण किती भरेल?"

अंदाजापुरतं मी घाईत केलं. डोक्याच्या मागचा दाट भाग उचलला आणि टाळूवर छापला. हे कच्चं काम आहे, असं त्यांना सांगितलंही. भाऊ पडद्याकडे पाहतच राहिले. मी चहा सांगायला दाराशी गेले, तेवढ्यात त्यांनी मोबाइलने पडद्याचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर गेलं न गेलं तोच वहिनी आत आल्या. मागे भाऊ होते, रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे.

"माझ्या नणंदेचा चिंचणीहून फोन आला होता," वहिनी म्हणाल्या. "विचारते, दादाच्या डोक्यावर दोन भोवरे कधीपासून?"

मी फोटो उघडला. खरंच होते. उचललेल्या भागात भाऊंचा भोवरा अर्धाअधिक आला होता आणि तो बोटभर अंतरावर पुन्हा उमटला होता.

"दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं," वहिनी म्हणाल्या. "आणि हे पंचविसाव्या वाढदिवसाच्या बॅनरवर."

"अगं, ते संगणकाने केलंय," भाऊ म्हणाले.

"संगणकाला काय माहीत असेल, कोण जाणे."

त्या हसत नव्हत्या, म्हणून मलाही हसता येईना. छापलेलं सगळं मी पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. वहिनी शेजारी बसल्या. आधी टाळूवरची चमक उतरवली आणि कातडीचा रंग किंचित गडद केला. एवढ्यानेच निम्मं काम झालं. मग वेगळ्या थरावर, केसाएवढ्या बारीक ब्रशने, खऱ्या भोवऱ्यापासून केस जसे वळतात तशी एकेक रेघ ओढत गेले. काही काळ्या, काही करड्या, काही अर्धवट पुसट. मधूनमधून कातडी दिसू दिली.

"आणखी थोडे," भाऊ म्हणाले.

"पुरे," वहिनी म्हणाल्या. "फार भरले तर शेजारी मी यांची आई दिसेन."

"कपाळावरचे तरी थोडे पुढे घ्या."

"कपाळ आहे तिथेच राहू दे. आमची मुलगी दहावीला होती तेव्हाचे केस द्या यांना. तेवढे बरे होते."

मुलगी दहावीला असतानाचे केस मी काही पाहिले नव्हते. वहिनी सांगत गेल्या, मी ओढत गेले. कानाच्या वर पोचल्यावर त्यांनी माझा हात धरला. "इथले असेच ठेवा. इथे ते कायम विरळच होते." शेवटी सगळ्यावर मूळ फोटोत असतात तसेच बारीक दाणे टाकले, नाहीतर नवे केस जुन्यापेक्षा गुळगुळीत दिसतात.

भाऊंनी आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारीशेजारी ठेवायला सांगितलं. बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "फरक कुठाय?"

"तुम्हीच म्हणालात, कळता कामा नये," मी म्हटलं.

बॅनर तलासरीत छापून आणला. कार्यक्रमाला मीही गेले होते. सगळे नातेवाईक बॅनरसमोर उभे राहून वहिनींच्या हसण्याचं कौतुक करत होते. चिंचणीच्या नणंदेने चष्मा लावून भोवरे मोजले, समाधानाने मान हलवली आणि जेवायला गेली. केसांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

निदान कोणाचं तरी केसांकडे लक्ष जावं म्हणून भाऊ बॅनरखाली येऊन उभे राहिले. मग रुमाल पाडला आणि फोटोतल्यासारखंच वाकून उचलला. थोड्या वेळाने परत पाडला. तिसऱ्यांदा वाकले तेव्हा सायवनचा त्यांचा मेहुणा पुढे झाला, दंड धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "दाजी, चक्कर येते का? सरबत आणू?"

वहिनींना इतकं हसू आलं, की त्यांनी पदर तोंडावर घेतला. माझा नवरा कॅमेरा घेऊन पलीकडेच उभा होता. खुर्चीतले भाऊ आणि हसणाऱ्या वहिनी, हा फोटो त्याने अगदी नीट टिपला.