हाराखालची अक्षरं

शिरूरकडच्या एका कारखान्यात मी सेफ्टी खात्यात नवाच लागलो होतो. डिप्लोमा ताजा आणि अक्कल त्याहून ताजी. आग विझवायच्या पथकासाठी कामगारांचा वर्ग घ्यायचं काम माझ्याकडे आलं. कारखानाभर लावलेले लाल सिलिंडर वर्गात कोण उचलून आणणार? म्हणून मी त्यांचे फोटो काढले, गावातल्या स्टुडिओतून धुऊन आणले आणि त्यावर शिकवू लागलो.

फोटो काढले ते खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी. सगळं पुसून लखलखीत असतं ना, म्हणून. यंत्रांसारखीच त्या सिलिंडरचीही पूजा झालेली, प्रत्येकाला झेंडूचा हार.

वर्गात पन्नाशीला टेकलेले एक मामा होते, दौंडकडच्या राहू गावचे. घरी पूर्वी मेंढरं, आता थोडी शेती. बारा वर्षं ठेकेदाराकडे काढलेली. पथकाच्या परीक्षेत पास झाले तर कायम होणार होते. वयामुळे पुढच्या खेपेला नाव लागणार नव्हतं. इंग्रजी येत नव्हतं, पण लेबलावरची अक्षरं ते चित्रासारखी पाठ करत. ए म्हणजे लाकूड, कापड, कागद. बी म्हणजे पेट्रोल, ऑइल. सी म्हणजे गॅस. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मला विचारत, "साहेब, इजंचं कुठलं अक्षर?" विजेला वेगळं अक्षर नसतं, त्यासाठी खालची बारीक ओळ वाचायची, हे मीच त्यांना सांगितलं होतं. मला ते फार आवडायचे.

परीक्षेला पुण्याहून एक परीक्षक आले. प्रश्न माझ्याच फोटोंवर, उत्तरांची यादीही माझीच. एका फोटोत हाराआडून फक्त बी दिसत होता. त्यावरून मी यादीत लिहिलं होतं: बी-सी पावडर, विजेच्या पॅनेलवर चालेल. आधीच्या साऱ्यांनी तसंच सांगितलं आणि पास झाले.

मामांची पाळी आली. परीक्षकांनी फोटो पुढे सरकवला. "पॅनेल पेटलंय. हा माराल का?"

मामांनी फोटो डोळ्यांजवळ धरून नीट बघितला. मग म्हणाले, "न्हाई मारणार."

"का?"

"लेबल झाकलंय. वाचल्याबिगर कसा मारू?"

परीक्षकांनी यादीवर बोट ठेवलं आणि मामांच्या नावापुढे नापास लिहिलं. मी बाजूला उभा होतो. मला मामांचाच राग आला. एवढं घोकून घेतलं होतं, एक 'हो' म्हणायला काय जात होतं?

बाहेर आल्यावर मी त्यांना तसं बोललोही. ते खाली मान घालून म्हणाले, "साहेब, त्यो फोमचा हाय. वर्गात ध्यानात आलं न्हाई, आज हातात आल्यावर वळखला. आमच्या ऑइल स्टोअरच्या दाराजवळचा. हार मीच घातला हुता. फोम पाण्याचाच, चालू इजंवर मारला तर मारणाऱ्यालाच शॉक."

"मग आत का नाही सांगितलंत?"

"तुम्ही शिकवलेलं चुकलं म्हणून परक्या माणसासमोर कसं सांगू? आन् मारतो म्हणून खोटंबी बोलवंना."

मी ऑइल स्टोअरकडे धावलो. हार केव्हाच वाळून गळून पडलेला, लेबल उघडं होतं. ए आणि बी. सी नव्हताच. खाली बारीक ओळ: चालू विजेच्या उपकरणांवर वापरू नये. मी दोन आठवडे वीस माणसांना स्वतःच्या हाताने मरायला शिकवत होतो.

तो नऊ लिटरचा सिलिंडर तसाच काखेत मारून परीक्षकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. "यादी चुकली आहे, सर. चूक माझी. मामांचं बरोबर होतं."

त्यांनी चष्मा वर करून लेबल वाचलं. माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला मिळायलाच हवी होती. आधीच्या सगळ्यांची परीक्षा पुन्हा घ्यायची ठरली. मग त्यांनी मामांना आत बोलावलं. "पॅनेल पेटलं तर काय कराल?"

"आधी मेन स्विच पाडायचा. मग त्यो कर्ण्यावाला, सीओटूचा. न्हाई तर पावडरचा. लेबल बघून."

परीक्षकांनी आधीचा शेरा खोडून पास लिहिलं आणि बाजूला सही केली. मामांनी ती सही बघितली, डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

तेवढ्यात त्यांनी टेबलावरचा सिलिंडर उचलून खांद्यावर घेतला.

"राहू द्या मामा, मी नेतो सावकाश."

"सावकाश कशाला?" ते दाराकडे चालायलाही लागले होते. "ऑइलपाशी आत्ता इझवायला काहीच न्हाई, साहेब."