दुधाच्या टेम्पोसाठी लिहिलेलं पत्र

बाळकुममध्ये आमच्या महिला बचत गटाचं दूध केंद्र आहे. मी गटाची अध्यक्ष, थोरल्या जाऊबाई सचिव. दूध सहकारी संघाकडून टेम्पोने यायचं, पण टेम्पो आधी कोलशेतची सगळी संकुलं करून शेवटी आमच्याकडे. तोवर मुलं शाळेत गेलेली असायची आणि गिऱ्हाईक दुसरीकडून पिशव्या घेऊन मोकळं झालेलं असायचं.

ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, रूट वरून ठरतो." संघाच्या ऑफिसात फोन केला, तर "लेखी द्या" एवढंच उत्तर.

जाऊबाई तापल्या. "लिही, आम्हाला काय येडं समजता काय."

मी तसंच लिहिलं, वाचलं आणि फाडलं. ते भांडण झालं होतं, पत्र नव्हे. मग शाळेत शिकलेलं आठवत नव्याने बसले. वर उजवीकडे आमचा पत्ता, तारीख. डावीकडे 'प्रति, मा. व्यवस्थापक (वितरण)'. व्यवस्थापक बाई की बुवा, ठाऊक नव्हतं, म्हणून 'महोदय/महोदया'. विषय एकाच ओळीत: बाळकुम केंद्रास सकाळी लवकर दूध मिळण्याबाबत.

"विनंती कसली करतेस? आपण गिऱ्हाईक आहोत त्यांचे," जाऊबाई म्हणाल्या.

"विनंती करू, पण काय हवंय ते स्पष्ट सांगू."

म्हणून 'आमची गैरसोय होते' एवढ्यावर न थांबता लिहिलं, की टेम्पो आमच्याच रस्त्याने पुढे कोलशेतला जातो, तरी जाताना आधी आमच्याकडे दूध उतरवावं. खाली 'कळावे', मग 'आपली विश्वासू', सही, पदनाम आणि गटाचा शिक्का.

दोघी ऑफिसात गेलो. काउंटरवरचा कारकून म्हणाला, "ठेवून जा."

"दुसऱ्या प्रतीवर पोच द्या," मी म्हटलं. दुसरी प्रत त्याच्यापुढे धरली. त्याने विषय वाचला, आवक क्रमांक टाकला आणि शिक्का मारला.

काही दिवसांनी लिफाफा आला. 'आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, आपल्या केंद्रास येत्या सोमवारपासून प्रथम पुरवठा करण्यात येईल.' खाली व्यवस्थापक म्हणून सही एका बाईंची होती. वर 'प्रति, मा. अध्यक्षा'. जाऊबाईंनी 'मा.' म्हणजे काय ते विचारलं. माननीय, म्हटल्यावर पत्र माझ्या हातात देऊन पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लावलं.

सोमवारी उजाडताच टेम्पो केंद्रासमोर उभा. क्रेट उतरवताना ड्रायव्हर हसत होता, "काय लिहिलंत हो तुम्ही?" आम्ही दूध विकता विकता थकलो, आणि शाळेची घंटा व्हायच्या आत क्रेट रिकामे झाले.

त्या दुपारी जाऊबाई कोरा कागद घेऊन आल्या. "आता संघाला केंद्रातल्या फ्रीजसाठी लिहू. या वेळी मी सांगते, तू फक्त शुद्धलेखन बघ."

आणि पहिलीच ओळ त्यांनी सांगितली, "महोदया."