एका परत आलेल्या मेलमागच्या छत्तीसजणी

आमच्या मुलींच्या वसतिगृहात तीस वर्षं भाकऱ्या थापणाऱ्या आक्का निवृत्त होणार होत्या. मी तिथेच राहून शिकले, आता तिथेच कार्यालय सांभाळते. जुन्या साऱ्या मुलींना निरोपाच्या मेळाव्याचा मेल मी एकगठ्ठा पाठवला आणि तासाभरात मेल परत यायला लागले. वर मेल पाठवणाऱ्या कंपनीची ताकीद: पुन्हा इतके परत आले तर खातं बंद.

अध्यक्ष आप्पा निपाणीचे व्यापारी. बंद पत्ते काढू का विचारलं, तर फोनवरच तापले. "नावं खोडू नगंस हं! आपल्याच पोरी हाईत. सगळ्यास्नी परत पाठव."

"आप्पा, तसं केलं तर एकीलाबी जाणार न्हाय," मी म्हटलं आणि हट्टाने एकेक सूचना वाचायला बसले.

'मेलबॉक्स भरली आहे' असं आलं, तो पत्ता जिवंत. चार दिवसांनी पुन्हा पाठवायचा. 'रजेवर आहे' हे तर उत्तरच, म्हणजे मेल पोचलेला. समोरच्या सर्व्हरने आमचा मेल संशयाने अडवला असेल, तर त्यात पत्त्याचा काय दोष? तोही ठेवला. 'असा वापरकर्ताच नाही' असं आलं की मात्र दयामाया नाही, पत्ता काढायचा.

तसाच एक पत्ता काढताना हात थबकला. हा मला पाठ होता! खडेबाजारातलं इंटरनेटचं दुकान. आमच्यापैकी कुणाकडेच मेल नव्हता, म्हणून वसतिगृहाचा फॉर्म भरताना दुकानदार सगळ्यांसाठी स्वतःचाच पत्ता टाकायचा. दुकान कधीच बंद झालं. यादीत शोधलं, तर त्या एका पत्त्यापुढे छत्तीस नावं. कंपनी सारखे पत्ते एकदाच धरते, म्हणून सूचनाही एकच आलेली. त्यांत माझंही नाव होतं. मला हसू आलं आणि रागही आला. इतकी वर्षं परतीच्या सूचना न वाचता मी स्वतःलाच दरवर्षीच्या मेळाव्याची आमंत्रणं पाठवत होते, बंद दुकानात!

पत्ता छत्तीस ठिकाणी पुसला, नावं तशीच राहू दिली. जुन्या फॉर्मवर वडिलांचे फोन होते. चिकोडी, सदलगा, खानापूर, दोन दिवस नुसती फोनवर होते. माहेरच्यांनी लेकींचे नंबर दिले, लेकींनी नवे मेल. साफ यादीवर पुन्हा पाठवलं, तेव्हा फक्त तीन परत आले. मी खुर्चीतच टाळी वाजवली.

मेळाव्याला ताटं कमी पडली. आप्पा स्वतः पळत जाऊन घेऊन आले आणि भेटेल त्याला सांगत सुटले, "यादी आमच्या पोरीनं साफ केली!"

सदलग्याची एकजण आक्कांच्या गळ्यात पडून रडायला लागली. आक्कांनी तिचा कान धरला. "इतकी वर्सं कुठं व्हतीस गं? एकदाबी आली न्हाईस!"

"मला कुणी बोलावलंच न्हाय, आक्का."

"बोलावलं व्हतं," मी मागून म्हटलं. "दरवर्षी बोलावलं व्हतं, खडेबाजारातल्या त्या बंद दुकानात."

आक्कांनी दोघींच्याही पानात भाकरी वाढली.