एक कोयता, किती माणसं?

आमच्या अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात डॉ. रुद्राणी कोरे हे नाव घेतलं की लोकांना आधी लाल पेन्सिल आठवायची. घाटनांदूरच्या किराणा दुकानदाराची ही लेक. वडिलांचा तराजू हिच्या डोळ्यांत उतरलेला. कुणाचाही लेख मासिकाला जाण्याआधी तिच्या टेबलावर यायचा आणि ती कुरकुरत तपासून द्यायची. स्वतःचा लेख मात्र दोन वर्षं लोळत पडला होता. आमच्या खात्यात दमलेल्या माणसांचा तुटवडा नव्हता, पण तिच्याइतकं दमून काम करणारं दुसरं कुणी नव्हतं.

तिचा लेख ऊसतोड मजुरांच्या पाठदुखीवर होता. शहाण्णवच्या जानेवारीत तो दिल्लीच्या मासिकाकडून परत आला. विषय आवडला, पण सारांश नियमात नाही, असं संपादकांनी कळवलं होतं. सारांश अडीचशे शब्दांच्या आत हवा आणि उद्देश, पद्धत, सहभागी, निष्कर्ष, तात्पर्य अशा मथळ्यांखाली हवा. की-वर्ड्स इंडेक्स मेडिकस या वैद्यकीय लेखसूचीच्या शब्दयादीतलेच हवेत. महिनाअखेर सुधारून पाठवा, नाहीतर लेख मागे घेतला असं समजू. रीडरच्या बढतीच्या मुलाखतीला तिला हाच एक लेख दाखवता येणार होता.

मी शेजारच्याच टेबलावर बसायचे, म्हणून शब्द मोजायला मलाच धरलं. तिने ‘अतिशय’, ‘असे दिसून आले की’ वगैरे अर्थाची इंग्रजी भरताड काढून टाकली. ‘ऊसतोड’ हा की-वर्ड यादीत सापडेना, म्हणून ‘शेतमजुरांचे आजार’ आणि ‘स्थलांतरित’ या अर्थाचे इंग्रजी शब्द घेतले. ‘नोकरदार स्त्रिया’ अशा अर्थाचा शब्द यादीत जसाच्या तसा मिळाला, तेव्हा ती दिवसात पहिल्यांदा हसली.

मग ‘सहभागी’ हा मथळा आला. जुन्या सारांशात ‘दोनशे ऐंशी मजूर’ एवढंच होतं. आता पुरुष किती, स्त्रिया किती, सरासरी वय काय, हे सांगायचं होतं. तिने आतला तक्ता काढला. तक्त्यात एकशे चाळीस कोयते होते.

“एक कोयता म्हणजे नवरा-बायको,” ती म्हणाली. “मीच संख्या दुप्पट केली. आपल्याकडे हे कुणाला सांगावं लागतं?”

पाठ दुखणाऱ्यांचा आकडाही दुप्पट केलेला होता. टक्का दोन्हीकडे सत्तरच येत होता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण फॉर्मवर वय एकच होतं. बायकांची वयं विचारायला तिने आश्रुबाला बोलावलं. आश्रुबा आमचा आरोग्य कर्मचारी. मजूर कारखान्यांवर जाण्याआधी वस्त्यांवर जाऊन त्यानेच फॉर्म भरले होते.

“फारम कोयत्याला एकच हुता की, मॅडम. मालकाला इचारलं, लिवलं.”

“आणि बाईला?”

“ती तिथंच हुती, भाकरी करत. कोयता एक, मग बाईला अलग काहून इचारायचं?”

त्याचं काय चुकलं? फॉर्मवर ‘कोयता क्रमांक’ हा रकाना रुद्राणीनेच छापून घेतला होता. तिने त्या रकान्याखाली लाल रेघ ओढली. मला तिची दया आली आणि आम्हा सगळ्यांचा रागही.

खातेप्रमुख वैजिनाथ सरांनी एका वाक्यात निकाल लावला. “टक्का तोच राहतो ना? मग झाकली मूठ राहू द्या. निम्मे निम्मे लिहा आणि पाठवून द्या.”

“सर, टक्का नवऱ्यांच्या पाठीचा आहे,” ती म्हणाली. “बायकांची पाठ दुखते की नाही, हे आपल्याला माहीतच नाही.”

पुन्हा विचारायला जावं, तर मजूर पश्चिमेकडच्या उसाच्या फडांत पांगलेले. मुदत पुढच्या आठवड्यात संपत होती.

तिने नवा कागद टाइपरायटरला लावला. सहभागी: एकशे चाळीस विवाहित पुरुष. निष्कर्षात अठ्ठ्याण्णव, सत्तर टक्के. शेवटी ‘स्त्रियांना प्रश्न विचारले नाहीत’ या अर्थाचं वाक्य टाकलं. त्याने सारांश अडीचशेच्या बाहेर गेला, तेव्हा तिने आपल्या शोधाचं महत्त्व सांगणारं वाक्य खोडलं.

“हे वाचून परत पाठवलं तर?” मी विचारलं.

“पाठवू देत. पाडव्याच्या आसपास माणसं परत येतील. एका कोयत्याला दोन फॉर्म करू.”

“परत सगळ्या वस्त्या?” आश्रुबा म्हणाला.

“सगळ्या. आणि आधी बाईला विचारायचं.”

शेवटी तिने की-वर्ड्सच्या ओळीवर पेन्सिल आणली. ‘नोकरदार स्त्रिया’ हा शब्द यादीत होता, नियमात चोख बसत होता. तिने तो हळूच खोडला आणि चष्मा काढून डोळे पुसले.