आठापैकी सहा

आगटे मास्तर कुठलीही बेरीज दोनदा करायचे. एकदा वरून खाली, मग खालून वर. दुसऱ्या वेळी प्रत्येक आकड्यापाशी लाल शाईचं टिंब पडायचं. "घाट चढणाऱ्या गाडीला मागूनही इंजिन लावतात की नाही? तसंच हे," असं म्हणायचे. लोणावळ्याहून सायकलवर आमच्या गावच्या शाळेत यायचे. धोतराला चाकाचं वंगण लागलेलं, टोपी मात्र पांढरीशुभ्र. मारकुटे नव्हते, पण उत्तर चुकलं की इतकं दुःखी तोंड करायचे, की त्यापेक्षा छडी परवडली असं वाटायचं.

त्यांची आणखी एक खोड होती. गणिताचं उत्तर चुकलं तरी भोपळा द्यायचे नाहीत. "उत्तर दैवाच्या हाती, पायऱ्या आपल्या हाती. पायऱ्यांचे गुण द्यायचेच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही पोरी मागं त्याची नक्कल करून खिदळायचो.

मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट. सातवीच्या पुढं आमच्या गावात शाळा नव्हती. लोणावळ्यात मुलींचं एक वसतिगृह होतं आणि ते आमच्या शाळेतून दरसाल एकाच मुलीला घ्यायचं. सहामाहीत मुलींमध्ये जी पहिली येईल तिचं नाव मास्तर कळवायचे. आमचे आबा शेतकरी गडी, शब्दाचे पक्के. ते म्हणाले होते, "पयली आलीस तर धाडीन. न्हाई तर म्होरल्या साली सोयरीक बघायची." माझा जीव त्या पहिल्या नंबरात अडकला होता.

दिवाळीनंतर निकाल लागला. मला चारशे एकतीस, डोंगरावरच्या ठाकरवाडीतल्या बायजाला चारशे सत्तावीस. मी पहिली! आईनं गूळ वाटला. आबांनी तर लोहाराकडून पत्र्याची पेटी करून आणली. मी ती रोज उघडून बघायची. आत काहीच नव्हतं, तरी बघायची.

आठवडाही झाला नसेल, मास्तरांनी वर्गात नवा निकाल वाचला. पहिली बायजा, दुसरी मी. "पेपर पुन्हा तपासले," एवढंच बोलले आणि फळ्याकडे वळले.

तोंडानं विचारायची माझी छाती झाली नाही. मग त्यांनीच शिकवलेल्या पद्धतीनं पत्र लिहिलं. 'गुरुवर्य मास्तर यांस शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, माझा नंबर पहिला असता तो दुसरा कसा झाला, हे कळावे. दुसरे असे की, आता मी काय करू, हेही कळावे.' घडी करून त्यांच्या खडूच्या डबीखाली ठेवलं आणि पळाले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मला आणि बायजाला थांबवून घेतलं. टेबलावर दोघींचे पेपर होते. आधी त्यांनी बायजाला विचारलं, "तुझा पेपर हिला दाखवू का? तू नको म्हणालीस तर नाही दाखवणार."

"दावा की," बायजा म्हणाली. "तिला बी कळू द्या."

मास्तरांनी गणिताचा पेपर पुढं सरकवला. पहिल्या पानावर त्यांनी आखलेला गुणांचा तक्ता होता. पाचव्या प्रश्नाच्या चौकोनात आडवी रेघ, म्हणजे सोडवलाच नाही. मग त्यांनी पेपर पालथा घातला आणि उलटा धरला. शेवटच्या पानावर, मागच्या बाजूनं सुरुवात करून, पाचवा प्रश्न लिहिलेला होता.

वाडीवरच्या पोरांना एका वहीत सगळं भागवावं लागायचं. ती पुढून मराठी लिहायची आणि वही उलटी करून मागून गणित. बायजानं सवयीनं पेपरातही तेच केलं होतं. मधे कोरी पानं आली, तेव्हा मास्तरांना वाटलं पेपर संपला. तपासून झालेल्या पेपरांतली कोरी पानं फाडून, शिवून ते वाडीच्याच पोरांना कच्च्या वह्या करून द्यायचे. ती पानं फाडायला बसले तेव्हा हे हाती लागलं.

"पेपर बघायला दिले होते तेव्हा बोलली का नाहीस?" मी बायजावर खेकसले.

"मला वाटलं, मास्तरांनी मार्क दिलं न्हाई म्हंजी चुकलंच आसंल," ती म्हणाली.

आठ गुणांचं काळ-कामाचं उदाहरण. मांडणी बरोबर, एका दिवसाचं काम बरोबर, शेवटची वजाबाकी चुकलेली. पायऱ्यांचे सहा गुण. चारशे तेहेतीस झाले.

"एकीचाच तपासला तर तो अन्याय," मास्तर म्हणाले. "म्हणून सगळ्या वर्गाचे तपासले. तुझ्या भूगोलाच्या बेरजेत मी एक गुण कमी धरला होता. आता तुला चारशे बत्तीस. एका मुलाचे दोन कमीही झाले. घे पेन्सिल, हिची बेरीज तूच कर."

मी वरून खाली केली. मग खालून वर केली. माझ्याच तोंडानं मी म्हणाले, "चारशे तेहेतीस." आणि रडायला लागले. मला बघून बायजाही रडायला लागली. तिला काय मिळालं ते तिला तेव्हा ठाऊकही नव्हतं.

जाताना मास्तरांनी माझं पत्र परत दिलं. पहिल्या प्रश्नाखाली त्यांनी हे सगळं सविस्तर लिहिलं होतं, गुणांसकट. दुसऱ्याखाली एकच ओळ होती, 'या प्रश्नाचे उत्तर मला येत नाही.'

त्याच संध्याकाळी ते आमच्या घरी आले. ओसरीवर चहा निवत राहिला आणि ते आबांना समजावत राहिले. आबा म्हणाले, "मास्तर, पयली आली आसती तर धाडली आसती. तुमीच म्हनता दुसरी." वसतिगृहाकडेही मास्तर दोनदा जाऊन आले. जागा एकच होती. आबांकडे पुन्हा आले, पुन्हा तसेच गेले. माझं लग्न होईतो दर महिन्याला लोणावळ्याच्या वाचनालयातलं एक पुस्तक सायकलला बांधून आणायचे. पत्र्याची पेटी माझ्याबरोबर सासरी आली, आत लुगडी भरून.

बायजा शिकली, नर्स झाली. मला तिचा राग कधीच आला नाही. मास्तरांचा आला होता, खोटं कशाला बोलू? गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण ते गप्प बसले असते, तर ते आगटे मास्तर नसते. माझा राग कुठं ठेवावा हे मला बरीच वर्षं कळलं नाही.

माझं सासर लोणावळ्यातच, चिक्कीचं दुकान. मास्तर आजारी असल्याचं बायजानंच येऊन सांगितलं. तीच त्यांची शुश्रूषा करत होती. मी गेले. खाटेवर नुसती हाडं उरली होती. मला ओळखलं आणि तेच जुनं दुःखी तोंड केलं.

"तुझा दुसरा प्रश्न राहिला गं," ते म्हणाले.

मी त्यांचा हात धरला. "असं कसं मास्तर? आबांकडे आलात, वसतिगृहात गेलात, पुस्तकं आणलीत. उत्तर चुकलं असेल. पायऱ्यांचे गुण द्यायचेच. आठापैकी सहा."

ते बराच वेळ छताकडे बघत होते. ओठ हलत होते. मनातल्या मनात काहीतरी मोजत असावेत. मग मान हलवली.

"सहा जास्त होतात," म्हणाले.

चार दिवसांनी ते गेले. मी ते सहा काही कमी केलेले नाहीत.