कार्बनच्या वाटीतले दोन मणी

मावशी सव्वीस वर्षं नववीला विज्ञान शिकवत होती. गेल्या वर्षभरात तिच्या डोळ्यांतून रंग निघून जात होते, नजरही अधू होत होती. डॉक्टर म्हणाले होते, पडद्याचा आजार आहे, चष्म्यानेही भागणार नाही आणि ऑपरेशननेही नाही. घराबाहेर तिने हे कुणालाही सांगितलं नव्हतं. पुस्तक तिला पाठ होतं, फळ्यावर हात सवयीने चालायचा आणि मुलं ती आवाजावरून ओळखायची. पण उत्तरपत्रिकांच्या बेरजा चुकायला लागल्या, पालकांच्या तक्रारी आल्या आणि मोठ्या बाईंनी तपासणी अधिकाऱ्यांना बोलावलं. हा एक तास पाहून ते ठरवणार होते, मावशीने वर्गात राहायचं की नाही.

तिने अणुरचनेचा धडा निवडला. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापल्या, मोठीवर लहान ठेवली आणि लहान चकतीच्या मधोमध एक वाटी चिकटवली. वाटी म्हणजे केंद्रक आणि चकत्या म्हणजे इलेक्ट्रॉनची कवचं. आतल्या कवचावर दोन पिवळ्या टिकल्या, बाहेरच्यावर चार. वाटीत सहा लाल मणी, म्हणजे प्रोटॉन, आणि सहा निळे, म्हणजे न्यूट्रॉन. हे सगळं माझ्या आईने मोजून दिलं. उरलेले मणी दोन डब्यांत भरले, लाल डावीकडे, निळे उजवीकडे. मावशीला ते सगळे राखेसारखेच दिसत. तिची सगळी भिस्त डाव्या-उजव्यावर होती.

तास चांगला सुरू झाला. "हे नुसतं समजायला केलंय," ती म्हणाली. "खरे इलेक्ट्रॉन असे चिकटून बसत नाहीत. आणि खरा अणू मैदानाएवढा धरला, तर ही वाटी वाटाण्याएवढीही भरणार नाही."

अधिकारी उठून टेबलापाशी आले. "घरी केलंत?" त्यांनी डबे उचलून पाहिले, कौतुकाने मान हलवली आणि डावा-उजवा न बघता डबे परत ठेवून ते बाकावर जाऊन बसले.

मावशीने फळ्यावर तक्ता आखला. एका रकान्यात कार्बन-१२, दुसऱ्यात कार्बन-१४. प्रोटॉन सहा, सहा. इलेक्ट्रॉन सहा, सहा. न्यूट्रॉन सहा, आठ. अणुवस्तुमानांक बारा, चौदा.

"म्हणजे एक बारीक, एक जाड," मागून वर्गातला वात्रट म्हणाला.

"जाड झाला म्हणून तुझ्या काकाचं नाव बदललं का?"

वर्ग खिदळला.

"नाव प्रोटॉनवरून ठरतं. तेवढे तेच राहिले की कार्बन तो कार्बनच. न्यूट्रॉन वाढले की वजन वाढतं, घराणं नाही. अशा भावंडांना समस्थानिकं म्हणतात. आता बाराचा चौदा करू."

तिने उजवीकडच्या डब्यातून दोन मणी काढून वाटीत टाकले. "झाला कार्बन-१४. मोजा."

पहिल्या बाकावरची चिमणी, तिची सगळ्यात लाडकी, उठून वाटीत वाकली. एकेक मणी बोटाने बाजूला सारत तिने मोजलं.

"बाई, लाल आठ झाले."

"नीट मोज."

"दोनदा मोजले. प्रोटॉन आठ म्हणजे ऑक्सिजन. तुम्हीच म्हणालात ना, प्रोटॉन बदलले की नाव बदलतं."

उत्तर अचूक होतं. इतकं नेमकं उत्तर त्या वर्गात वर्षभरात कुणी दिलं नव्हतं.

अधिकारी हसले. "मुलांना पारखायला मुद्दाम चूक केलीत ना, बाई? छान युक्ती आहे."

मावशीने होकाराची मान हलवली. आयुष्यातलं बहुधा एवढंच खोटं तिने वर्गात उभं राहून सांगितलं.

"आता ते दोन लाल काढून निळे घाला, म्हणजे मुलांच्या डोक्यात पक्कं बसेल."

तिने वाटीत हात घातला. चौदा मणी, सगळे सारख्याच आकाराचे. एक उचलला, बोटांत फिरवला, परत ठेवला. दुसरा उचलला. वर्ग माना उंचावून बघत होता. वात्रटसुद्धा.

"बाई, तो नाही," चिमणी ओठांतल्या ओठांत म्हणाली. "त्याच्या शेजारचा."

हे कुजबुजणं शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

मावशीने हात बाहेर काढला आणि पदराला पुसला. "मला रंग दिसत नाहीत, साहेब," ती म्हणाली. "वर्ष झालं."

त्यांनी वही मिटली. पेनाचं टोपण लावल्याचा आवाज तिला आला.

"चिमणे, दोन लाल काढ. निळे दोन घाल. आता मोठ्याने मोज."

चिमणीने मोजलं. सहा लाल, आठ निळे, एकूण चौदा. मोजून झाल्यावर ती रडायला लागली. माझ्यामुळे झालं, बाई, असं काहीतरी म्हणत राहिली.

"तुझं बरोबर होतं," मावशी म्हणाली. "बस खाली."

तासाची वीस मिनिटं उरली होती. पुढचा भाग समस्थानिकांच्या उपयोगांचा होता. मावशी तो शेवटपर्यंत शिकवत राहिली, पण तिने प्रश्न एकही विचारला नाही. सोमवारपासून त्या वर्गावर दुसऱ्या बाई आल्या.