नोंदणी आठवड्यातली कापलेली ओळ

कॉलेजात मी पत्रकं लिहायचे. फीवाढ, होस्टेलचं पाणी, बसपास. त्यामुळे हिंजवडीतल्या विम्याचे दावे तपासणाऱ्या आमच्या कंपनीत आयटीची इंग्रजी सूचना मराठीत आणायचं काम माझ्याकडेच आलं. मॅनेजर म्हणाले, "तुमचं लिखाण धारदार आहे म्हणे. फक्त धार आमच्याकडे करू नका."

सूचना अशी: शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत प्रत्येकाने मोबाइलवर ऑथेंटिकेटर ॲप जोडायचं. पुढे पासवर्डनंतर ॲपमधला सहा आकडी कोडही लागेल. नोंदणी नसलेली खाती सोमवारी सकाळी बंद. खाली अडचणी आणि उपाय. क्यूआर कोडची मुदत संपली तर पान पुन्हा उघडा. कॅमेरा चालत नसेल तर ॲपला परवानगी द्या. स्मार्टफोन नसेल तर हेल्पडेस्ककडून संगणकाला लावायची सिक्युरिटी की मागा. आणि एक ओळ: कोड चुकीचा दाखवत असेल तर फोनची वेळ 'स्वयंचलित' आहे का पाहा.

ती ओळ मी कापली. आजच्या काळात फोनचं घड्याळ कुणाचं चुकतं? पत्रक एका पानाचं हवं, ही मला लागलेली शिस्त.

कामाच्या मजल्यावर फोन नेता येत नाही, तो लॉकरमध्ये. म्हणजे नोंदणीला लागणारा फोन एकीकडे आणि संगणक दुसरीकडे. त्यासाठी कँटीनमध्ये दोन संगणक मांडले होते. शेकडो माणसं, जेवणाची सुट्टी अर्धा तास. हे कुणाच्या डोक्यातून निघालं ते मी मीटिंगमध्ये विचारलं. उत्तर आलं, "आठवडाभर आहे ना वेळ."

माझ्या रांगेत बसणारी एक बाई, यवतमाळकडची, एजन्सीमार्फत डेटा एंट्रीला. आम्ही तिला ताई म्हणायचो. एजन्सीचा नियम होता: तिमाहीत तीन दिवस लॉगिन नसेल, तर नाव कमी. आजारपणात ताईचे दोन दिवस आधीच गेले होते.

सोमवारपासून ती रोज कँटीनच्या रांगेत. क्यूआर स्कॅन व्हायचा, ॲपमध्ये कोड दिसायचा, टाकला की 'चुकीचा'. बुधवारी ती माझ्याकडे आली.

"पोरी, तुह्या कागदात सगळं हाय, पण माह्या अडचणीचं नाही लिवलं."

"ताई, कोड दर अर्ध्या मिनिटाला बदलतो. जरा भरभर टाका."

"मले हळू म्हनतेस? दिवसाला हजार फॉर्म टाइप करतो मी!"

मी हसले. त्या हसण्याची लाज आजही वाटते.

शुक्रवारी पाळी संपल्यावर मी कँटीनमध्येच मदतीला थांबले होते. साडेचारला ती रांगेतून पुन्हा माझ्याकडे आली, पांढरीफटक. बऱ्याच चुकीच्या प्रयत्नांनंतर तिचं खातंच लॉक झालं होतं. तिचा फोन हातात घेतला आणि दचकले. भिंतीवर चार चाळीस, तिच्या फोनवर चार पन्नास.

"ताई, हे दहा मिनिटं पुढं का?"

"स्वारगेटची कंपनीची बस सुटते म्हनून. आमच्या खोलीतल्या सगळ्याच जनी ठेवतात."

कोड वेळेवरून बनतो. दहा मिनिटं पुढच्या फोनमधला कोड सर्व्हरला कधीच पटणार नव्हता. इंग्रजी सूचनेत हेच लिहिलं होतं. ताईपर्यंत ते पोहोचलं नाही, कारण मी पोहोचू दिलं नाही.

सेटिंगमध्ये जाऊन वेळ स्वयंचलित केली. पण खातं लॉक होतं. हेल्पडेस्कवाला घामाघूम. "अनलॉकसाठी सिस्टिममध्ये तक्रारीचं तिकीट टाका."

"लॉगिन झाल्याशिवाय तिकीट टाकता येतं?"

"नाही. मग मॅनेजरची मंजुरी आणा."

"अहो, तुम्हीच करा ना, तुमच्या हातात आहे!"

"मॅडम, माझ्या हातात फक्त रांग आहे."

मॅनेजर निघून गेले होते. फोनवर म्हणाले, "सोमवारी बघू."

"सोमवारी तिचा तिसरा दिवस भरतो, सर."

"एजन्सीचा विषय आहे तो."

मी तिथेच मेल लिहिला: सूचनेतली ही ओळ मी गाळली, चूक माझी आहे, ताईंची गैरहजेरी धरू नये. ताईने माझं मनगट धरलं. "काऊन लिवतेस वं? तुहीबी नोकरी जाईन." मी तरीही पाठवला. एचआर, आयटी, एजन्सी, सगळ्यांना.

सोमवारी ताई पावणेसातला जागेवर होती. सातला पाळी सुरू झाली. तिच्या स्क्रीनवर 'खाते बंद'. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मी चार वेळा हेल्पडेस्कला पळाले. खातं उघडलं दुपारी साडेतीनला, पाळी संपल्यावर.

एजन्सीने दोन दिवसांत नाव कमी केलं. माझ्या मेलला एकच उत्तर आलं, एचआरचं: 'सूचना लिहिताना यापुढे काळजी घ्यावी.' माझी नोकरी शाबूत राहिली. मी कायम होते ना.

आठवड्याने ताईचा फोन आला. मी बोलण्याआधीच म्हणाली, "पोरी, ते ॲप फोनमधी ठिवू का काढून टाकू? अजून आकडे बदलत राह्यतात त्याच्यात."